पॉइंट हलला की ऑफसेट द्यायचा का? एक्स-बार आर चार्ट वाचताना नेहमीची हालचाल आणि खरा प्रॉब्लेम वेगळा कसा काढायचा

प्रश्न: "आमच्याकडे सीएनसी लेथवर २५ मिमीचा शाफ्ट टर्न होतो, टॉलरन्स प्लस-मायनस २५ मायक्रॉन. दर तासाला ५ पीस मोजून एक्स-बार आर चार्ट भरतो. पॉइंट जरा वर गेला की ऑपरेटर ऑफसेट देतो, तरी पॉइंट नाचतातच. आता कस्टमरचा माणूस म्हणतो की सगळे पॉइंट लिमिटच्या आत आहेत तरी प्रोसेस कंट्रोलमध्ये नाही. नॉर्मल काय आणि प्रॉब्लेम काय हे चार्टवरून ओळखायचं कसं?"

तुमचं काम वाचून मला माझी भोसरीतली पहिली काही वर्षं आठवली, कारण अगदी हाच शाफ्ट नसला तरी हाच साइज, हाच टॉलरन्स आणि ऑफसेटचीही हीच सवय होती. म्हणून त्याच जॉबचे आकडे घेऊन सांगतो. सगळे आकडे २५.००० पासून किती मायक्रॉन वर किंवा खाली असेच लिहितो, चार्टवरही तसंच लिहा, ऑपरेटरला दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे वाचण्यापेक्षा प्लस चार, मायनस दोन हे पटकन कळतं आणि चुका कमी होतात.

आमच्या २५ सबग्रुपचा हिशोब असा आला होता: सगळ्या सरासरींची सरासरी प्लस ३, आणि रेंजची सरासरी १२. पाच पीसच्या सबग्रुपसाठी टेबलमधला ए-टू ०.५७७ असतो, बाराला त्याने गुणलं की ६.९, म्हणजे ७ धरा. तर एक्स-बारची वरची लिमिट प्लस १० आणि खालची मायनस ४. रेंजसाठी डी-फोर २.११४, म्हणजे रेंजची वरची लिमिट साधारण २५, खालची शून्य. एक्सेलमध्ये करत असाल तर H कॉलममध्ये सरासरी आणि I मध्ये रेंज असं धरून एवढंच लागतं:

```
=AVERAGE(H2:H26)+0.577*AVERAGE(I2:I26)
=AVERAGE(H2:H26)-0.577*AVERAGE(I2:I26)
=2.114*AVERAGE(I2:I26)
```

या फॉर्म्युल्यात टॉलरन्स कुठेच नाही हे आधी नीट बघा. लिमिटची रुंदी येते ती फक्त रेंजमधून, म्हणजे एकामागोमाग निघालेले पाच पीस आपसात किती वेगळे येतात त्यावरून. मशीन, चक, मटेरियल, गेज सगळं आहे तसं ठेवलं, कोणी कशाला हात लावला नाही, तरी हे पाच पीस एकसारखे येत नाहीत. उदाहरणार्थ एका तासाचे आकडे: +५, −१, +८, +२, +६. सरासरी ४, रेंज ९. आता +८ का आला आणि −१ का आला हे शोधायला बसलात तर दिवस जाईल आणि हाताला काही लागणार नाही, कारण तिथे एक असं कारण नसतंच, स्पिंडल, क्लॅम्पिंग, बारचा कडकपणा, गेज ठेवण्याची पद्धत अशा पन्नास बारीक गोष्टी मिळून तो फरक पडतो. याला नेहमीची हालचाल म्हणायचं. चार्टचा प्रश्न एवढाच असतो की तासातासाच्या सरासरींमधला फरक या पाच पीसमधल्या फरकातून समजावून घेता येतो का, की त्याच्या पलीकडचं काहीतरी घडलंय.

आणि इथेच तुमच्या ऑफसेटचा विषय येतो, तोच आधी घेतो कारण माझ्या मते तुमचा चार्ट मुळात त्यामुळेच खराब आहे.

रेंजची सरासरी १२ असेल तर एका पीसचा सिग्मा १२ भागिले २.३२६, म्हणजे ५.२ मायक्रॉन. पाच पीसच्या सरासरीचा सिग्मा त्याला वर्गमूळ पाचने भागून २.३ मायक्रॉन. म्हणजे मशीनला काहीही झालेलं नसताना तासाचा पॉइंट दोन-तीन मायक्रॉनने वरखाली होणारच, कधी पाचनेही होणार. आता ऑपरेटरने काय केलं, पॉइंट मध्यरेषेच्या ४ ने वर दिसला म्हणून ४ चा ऑफसेट खाली दिला. पण तो ४ मशीनच्या सेटिंगमध्ये नव्हताच, तो त्या पाच पीसच्या योगायोगात होता, पुढचे पाच पीस आपोआप जागेवर आले असते. ऑफसेट दिल्यामुळे आता सेटिंग खरोखर ४ ने खाली गेलं, त्यावर पुढच्या तासाचा स्वतःचा योगायोग चढला, मग तो पॉइंट खाली दिसला, मग त्याने वर ऑफसेट दिला. दर तासाला असं केलं तर सरासरींच्या पसरटपणाचा वर्ग दुप्पट होतो, म्हणजे सिग्मा २.३ चा ३.३ होतो. डेमिंग फनेल आणि गोट्यांचा प्रयोग करून हेच दाखवायचे, गोटी निशाणापासून किती लांब पडली ते बघून दरवेळी फनेल हलवला की गोट्या जास्त पसरतात.

याचा लिमिटवर काय परिणाम होतो बघा. हात न लावलेल्या प्रोसेसमध्ये एखादा पॉइंट उगाचच लिमिटबाहेर जाण्याची शक्यता साधारण ३७० मध्ये एक. दर तासाला सरासरी बघून ऑफसेट देणाऱ्या प्रोसेसमध्ये तीच शक्यता ३० मध्ये एकवर येते, म्हणजे तीन शिफ्ट चालत असतील तर दर सव्वा दिवसाला एक पॉइंट बाहेर, आणि तोही ऑपरेटरने स्वतः तयार केलेला. याहून वाईट म्हणजे एकच पीस मोजून ऑफसेट देणं, तिथे तर साडेचार-पाच पॉइंटमागे एक बाहेर जातो. मी अनेक शॉपमध्ये बघितलंय, सबग्रुपचे पाच पीस चार्टवर जातात पण ऑफसेट मात्र मधेच एखादा पीस मोजून "जरा वर वाटतोय" म्हणून दिला जातो, आणि चार्टवर त्याची नोंद नसते. तुम्ही लिहिलंय की ऑफसेट देऊनही पॉइंट नाचतात. माझा अंदाज असा की तुमचे पॉइंट नाचतात तेच मुळी ऑफसेटमुळे.

हे तपासणं सोपं आहे. तुमच्या जुन्या चार्टवर बघा, पॉइंट वर, खाली, वर, खाली असे करवतीच्या दातांसारखे जातात का. साध्या प्रोसेसमध्ये कधी दोन पॉइंट सलग वर जातात, कधी तीन खाली येतात, त्यात काही शिस्त नसते. सलग चौदा पॉइंट एक वर एक खाली असे गेले तर तो संकेत धरायचा असा नेल्सनच्या १९८४ च्या नियमांमध्ये एक नियमच आहे, आणि टर्निंग शॉपमध्ये तो दिसला की मी सगळ्यात आधी ऑफसेट पेज उघडून बघतो. चौदापर्यंत थांबायचीही गरज नाही, आठ-दहा दात दिसले तरी ऑपरेटरशी बोला. पण बोलताना दटावू नका, तो माणूस चांगला पीस काढायच्या इच्छेनेच हे करत असतो, त्याला पाच मिनिटं बसवून हा हिशोब दाखवा. मग एक शिफ्ट ठरवून ऑफसेट बंद ठेवा, तुमचा टॉलरन्स २५ आहे आणि एकेका पीसची नैसर्गिक पसरण मध्यापासून तीन सिग्मा म्हणजे साधारण १५-१६ मायक्रॉन, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. आमच्याकडे तर +३ मध्य धरूनही सगळे पीस मायनस १३ ते प्लस १९ मध्ये बसत होते. त्या एका शिफ्टचा चार्ट आधीच्या चार्टशेजारी ठेवला की ऑपरेटरला वेगळं काही सांगावं लागत नाही.

एक अपवाद आहे, इन्सर्टची झीज. बाहेरचा व्यास टर्न करताना इन्सर्ट झिजत गेला की व्यास हळूहळू वाढत जातो, तो उतार चार्टवर स्पष्ट दिसतो आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत असतं. तिथे ऑफसेट द्यावाच लागतो, पण तो मनाला वाटलं म्हणून नाही तर ठरवून. दोन-तीन इन्सर्टचं पूर्ण आयुष्य हात न लावता चालवा, किती पीसमागे किती मायक्रॉन वाढतो ते काढा आणि तेवढ्या पीसनंतर तेवढाच ऑफसेट द्या, पॉइंट कुठे आहे ते न बघता. असा ठरवून दिलेला ऑफसेट प्रोसेसचाच भाग झाला. पॉइंट बघून दिलेला तसा नाही.

आता मूळ प्रश्न, सगळे पॉइंट आत असताना प्रोसेस कंट्रोलबाहेर कशी. एक प्रसंग सांगतो, तो मी स्वतः हाताळलेला आहे, शॉपचं नाव सोडा.

मे महिना, शेडमध्ये दुपारी ३६ डिग्री. सकाळी आलो तेव्हा रात्रीचा चार्ट टेबलावर होता. दुपारी तीनपर्यंतचे पॉइंट: +२, +५, ०, +३, +४, +१. चार वाजल्यापासूनचे: +६, +८, +५, +९, +७, +४, +८, +७. लिमिट प्लस १०, सगळे आत. रेंज चार्ट एकदम शांत, १०, १३, ९, १४ असे. सेकंड शिफ्टचा सुपरवायझर म्हणाला साहेब एकही पॉइंट बाहेर नाही. बरोबर होतं त्याचं. पण आठच्या आठ पॉइंट मध्यरेषेच्या, म्हणजे +३ च्या वर. काही झालेलं नसेल तर एक पॉइंट वर की खाली हे नाणं उडवण्यासारखंच असतं, आणि नाणं सलग आठ वेळा काटाच पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक. म्हणून सलग आठ एका बाजूला हा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा जुना नियम आहे, आणि तुमच्या कस्टमरच्या माणसाने बहुतेक असंच काहीतरी बघितलं असणार.

लिमिटने हे का पकडलं नाही तेही समजून घ्या. सरासरी +३ वरून +७ वर सरकली, म्हणजे ४ मायक्रॉन. नवीन मध्य +७ आणि लिमिट +१० मध्ये अंतर फक्त ३, पण सरासरीचा सिग्मा २.३ आहे, त्यामुळे प्रत्येक पॉइंटला बाहेर जायची शक्यता दहात एक एवढीच. दर तासाला एक पॉइंट म्हणजे लिमिट ओलांडायची वाट बघत बसलं तर सरासरी दहा तास लागले असते, एक पूर्ण शिफ्ट आणि वर थोडं. लिमिट मोठा धक्का लगेच पकडते, छोटी आणि टिकून राहणारी सरक पकडायला ती सुस्त असते. ते काम सलग पॉइंटचा नियम करतो.

आता पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. सरक खरी आहे हे कळलं, मग काय करायचं? सुपरवायझर म्हणाला ४ चा ऑफसेट देऊन टाकू. मी नको म्हणालो. ऑफसेटने पॉइंट खाली येतो पण कारण तिथेच राहतं, फक्त दिसेनासं होतं. आधी बघायचं की सरक कधीपासून आहे, आणि चार्ट ते तासासकट सांगतो: तीनचा पॉइंट +१, चारचा +६. म्हणजे तीन ते चारच्या मध्ये काय बदललं? आमच्याकडे चार्टच्या मागे नोंदी लिहायची पद्धत होती आणि त्यात लिहिलेलं होतं, ३.४० इन्सर्ट बदलला. सगळ्यांनी लगेच इन्सर्टवर बोट ठेवलं. पटण्यासारखं होतंच, नवीन इन्सर्ट बसवून एका पीसवर साइज लावला असेल तर चार मायक्रॉन सहज इकडेतिकडे होतात.

पण सेकंड शिफ्टचा शेवटचा सबग्रुप आम्ही नेहमी ट्रेमध्ये बाजूला ठेवायचो, ती सवय त्या दिवशी कामाला आली. रात्री अकराला त्या पाच पीसची सरासरी +७ लिहिलेली होती. मी ते पाच पीस आणि डायल कंपॅरेटरचा सेटिंग मास्टर एकाच सरफेस प्लेटवर तासभर शेजारी शेजारी ठेवले, मग मास्टरवर डायल शून्य केला आणि पाचही पीस परत मोजले. सरासरी आली +३. म्हणजे पीस मोठे झालेच नव्हते. इन्सर्ट सुटला, सरक गेजमध्ये होती.

मग विचारत गेलो तर कळलं की मास्टर त्या दिवशी कॅलिब्रेशनला स्टँडर्ड रूममध्ये गेला होता, एसी खोली, साधारण २२ डिग्री. साडेतीनला तो परत आला आणि शिफ्ट बदलताना पोरांनी तो बॉक्समधून काढून लगेच डायल शून्य केला. स्टील दर डिग्रीला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, २५ मिमीला ते ०.२९ मायक्रॉन पडतं. मास्टर २२ वर, पीस ३६ वर, १४ डिग्रीचा फरक म्हणजे ४ मायक्रॉन. थंड मास्टर तेवढा लहान होता, त्याच्यावर शून्य लावलं, आणि मग शेडच्या तापमानातला प्रत्येक पीस ४ ने मोठा दिसत राहिला. मास्टर नंतर गरम झाला तरी डायलचं शून्य तिथेच राहिलं, कारण शिफ्टमध्ये परत कोणी तपासलं नाही.

त्या रात्री कोणी ४ चा ऑफसेट दिला असता तर चार्ट छान दिसला असता आणि खरे पीस मायनस १ वर गेले असते. टॉलरन्समध्येच राहिले असते हे खरं, पण सकाळी मास्टर गरम असताना शून्य लावलं की चार्ट एकदम चारने खाली, मग परत ऑफसेट वर, आणि हे कशामुळे चाललंय ते कोणालाच कळलं नसतं. आम्ही केलं ते एवढंच, मास्टर गेजच्या स्टँडवरच ठेवायचा, बाहेरून आला तर सरफेस प्लेटवर तासभर थांबून मगच शून्य, आणि शिफ्ट सुरू होताना व अर्ध्यात असं दोनदा शून्य तपासायचं. पुढच्या पॉइंटपासून चार्ट परत +३ च्या आजूबाजूला फिरायला लागला. ऑफसेट एका मायक्रॉनचाही दिला नाही.

आता रेंज चार्टबद्दल, कारण बरेच लोक तो फक्त भरतात, बघत नाहीत. खरं तर वाचायला सुरुवात त्याच्यापासूनच करायची. एक्स-बारच्या लिमिट रेंजवरून आलेल्या आहेत, त्यामुळे रेंजच ठिकाणावर नसेल तर वरच्या चार्टवर काही बोलण्यात अर्थ नाही. वरच्या प्रसंगात रेंज शांत होता यावरूनच अर्धं उत्तर मिळालं होतं, पाचही पीस एकत्र सरकलेत, म्हणजे कारण पाचांना सारखंच लागू होणारं आहे, ऑफसेट, इन्सर्ट किंवा गेजचं शून्य. रेंज उडाला तर कारण वेगळ्या जातीचं असतं, प्रत्येक पीसला वेगवेगळं लागणारं. तेव्हा रेंजच्या पॉइंटवर थांबू नका, त्याच्या मागचे पाच आकडे बघा. +२, +४, +१, +५, −२३ असे असतील तर रेंज २८ झाला, लिमिटबाहेर, पण चार पीस जागेवर आहेत आणि एकच लांब गेलाय. तिथे मी आधी तो पीस फिरवून तीन ठिकाणी मोजतो, बऱ्याचदा जॉमध्ये चिप अडकून पीस वाकडा धरला गेलेला असतो. पण पाचही आकडे विस्कटलेले असतील, +१४, −९, +६, −१२, +११ असे, तर एखादी चिप शोधण्यात वेळ घालवू नका, क्लॅम्पिंग प्रेशर, टेलस्टॉकचा रिव्हॉल्व्हिंग सेंटर, टूल होल्डरचा बोल्ट, असं काहीतरी ढिलं झालेलं असतं आणि ते प्रत्येक पीसमध्ये दिसतं.

तुमचा चार्ट बघितलेला नाही, म्हणून तीन गोष्टी स्वतःच तपासून घ्या, यातली एक जरी चुकली असेल तर वरचं सगळं वाया जातं.

पहिली, तुमच्या चार्टवर ज्या लिमिट आहेत त्या खरंच कंट्रोल लिमिट आहेत की टॉलरन्सच्या रेषा. प्लस-मायनस २५ च्या रेषा एक्स-बार चार्टवर ओढलेल्या मी कितीतरी ठिकाणी बघितल्यात. टॉलरन्स एकेका पीसला लागतो आणि चार्टवर पाच पीसची सरासरी आहे, सरासरी +२४ आली तर ती रेषेच्या आत दिसेल पण त्यातले दोन-तीन पीस रिजेक्ट असू शकतात. तसंच एक्सेलमध्ये सगळ्या आकड्यांचा STDEV घेऊन लिमिट काढलेली नाही ना तेही बघा. सगळ्या आकड्यांत तासातासाची सरकसुद्धा मिसळलेली असते, मग लिमिट फुगतात आणि जो प्रॉब्लेम पकडायचा तोच लिमिटच्या पोटात जातो. शुहार्टने १९२४ मध्ये पहिला चार्ट मांडला तेव्हापासून मुद्दा हाच आहे की जवळजवळच्या पीसमधल्या फरकाने लांबलांबच्या फरकाला मोजायचं.

दुसरी, पाच पीस कुठून येतात. एकाच मशीनचे, एकामागोमाग निघालेले असायला हवेत. दोन मशीनचे पीस एकाच पेटीत पडत असतील आणि तिथून पाच उचलले जात असतील, तर एक मशीन +८ ला आणि दुसरं −६ ला चालत असलं तरी ते चार्टवर दिसणार नाही, उलट रेंज मोठी होऊन लिमिट रुंद होतील आणि सगळे पॉइंट मध्यरेषेला चिकटून बसतील. सलग पंधरा पॉइंट मध्यापासून एक सिग्माच्या आत, म्हणजे आपल्या हिशोबात +१ ते +५ च्या पट्ट्यात राहिले तर तो चार्ट चांगला नाही, संशयास्पद आहे. अशा वेळी दोन्ही मशीनचे वेगळे चार्ट लावा. आणि आकडे तासातासाला लिहिले जातात की शिफ्टच्या शेवटी एकदम, हेही प्रेमाने विचारून घ्या, आठवणीतून लिहिलेले आकडेही असेच मध्याला चिकटतात.

तिसरी, गेज. दहा मायक्रॉन लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने हा चार्ट होत नाही. रेंज ०, १०, २० अशाच पायऱ्यांवर उड्या मारताना दिसला तर ते मशीनचं नाही, गेजच्या जाडेपणाचं लक्षण आहे. एक मायक्रॉन वाचणारा कंपॅरेटर घ्या.

नियम किती लावायचे यावर माझं मत जरा ठाम आहे. सॉफ्टवेअर आठ नियम देतं म्हणून आठही चालू करू नका. फक्त लिमिटचा नियम असेल तर खोटा अलार्म सरासरी ३७० पॉइंटमागे एक येतो, वेस्टर्न इलेक्ट्रिकचे चारही नियम एकत्र लावले की तो साधारण ९२ पॉइंटमागे एक येतो, म्हणजे तीन शिफ्टमध्ये दर चार दिवसांनी काहीही झालेलं नसताना धावपळ. चार-पाच वेळा धावून काही सापडलं नाही की ऑपरेटर अलार्मकडे बघणंच सोडतो, आणि मग खरा अलार्मही तसाच जातो. तुमच्या जॉबला दोनच लावा, एक पॉइंट लिमिटबाहेर आणि सलग आठ एका बाजूला, तेही एक्स-बार आणि रेंज दोन्हींवर. उतार बघायचा तो फक्त इन्सर्टच्या हिशोबाशी ताडून. एवढं दोन-तीन महिने नीट पाळलं गेलं आणि प्रत्येक संकेतामागे कारण शोधायची सवय लागली, की मग हवं तर तिसरा नियम जोडा.

लिमिट एकदा काढल्या की गोठवा. दर महिन्याला नवीन डेटा टाकून परत काढल्या तर प्रोसेस हळूहळू बिघडत गेली तरी लिमिटही तिच्यामागे सरकत जातात आणि चार्ट कधीच ओरडत नाही. परत काढायच्या त्या तुम्ही स्वतः प्रोसेसमध्ये काही बदललं तरच, नवीन मशीन, वेगळा ग्रेडचा इन्सर्ट, चक ओव्हरहॉल असं काही, आणि बदलानंतरचे २०-२५ सबग्रुप हात न लावता घेऊन. तुमच्या बाबतीत ऑफसेट बंद करणं हाच एक मोठा बदल आहे, तेव्हा आजचे जुने चार्ट लिमिटसाठी वापरू नका. एका मशीनवर, एका इन्सर्टच्या हिशोबाने, चार्टच्या मागे वेळेसकट नोंदी लिहायला लावून पंचवीस तासांचे सबग्रुप भरा, त्यावरून लिमिट काढा, आणि ते पंचवीस सबग्रुप एकेक पीसच्या आकड्यांसकट इथे टाका, मी स्वतः बघून सांगतो.